व्याज वेगळं, नफा वेगळा: डेट फंड आणि लिस्टेड बाँडचा टॅक्स कसा मोजायचा



धंद्यातला रिकामा पैसा कुठे ठेवायचा, हा भाग आपण केला तेव्हा डेट म्युच्युअल फंड आणि लिस्टेड बाँड या दोन जागा पाहिल्या होत्या. आता त्याचा दुसरा अर्धा भाग. पैसा परत येतो तेव्हा त्यातलं किती उत्पन्न धरायचं, आणि कुठल्या नावाखाली?

बहुतेक जण इथे एकच चूक करतात. बँकेच्या खात्यात १,३२,००० जमा झाले की एक तर सगळेच्या सगळे "व्याज" म्हणून लिहितात, नाहीतर "माझेच पैसे परत आले" म्हणून काहीच लिहीत नाहीत. दोन्ही चूक. आलेल्या रकमेत भांडवल किती, व्याज किती आणि नफा किती हे वेगळं करावं लागतं, कारण तिघांचे नियम वेगळे आहेत.

आधीच सांगतो: खालचे सगळे दर आणि नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ चे आहेत. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे कलमाचा नंबर पाठ करू नका, मागचा विचार समजून घ्या.

## एकच प्रश्न विचारा: वस्तू माझ्याकडे आहे की गेली?

पैसा आला की पहिला प्रश्न हा. घर भाड्याने दिलं तर भाडं येतं आणि घर तुमचंच राहतं. घर विकलं तर मोठी रक्कम येते, पण घर जातं. भाड्यात "घराची किंमत" वजा करत नाही. विक्रीत मात्र करतो. बाँड आणि फंडाचंही अगदी तसंच आहे.

पैसा आला आणि बाँड अजून तुमच्या डिमॅट खात्यात आहे, तर ते व्याज. ते "इतर उत्पन्न" या सदरात जातं, त्यातून खरेदीची किंमत वजा होत नाही आणि त्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो.

पैसा आला आणि बाँड किंवा युनिट तुमच्या खात्यातून गेलं, तर तो विक्रीचा किंवा रिडेम्प्शनचा व्यवहार. आलेल्या रकमेतून खरेदीची किंमत वजा करायची. उरेल तो भांडवली नफा, कमी पडेल तो भांडवली तोटा.

आता हा प्रश्न आधी फंडाला लावू, मग बाँडला.

## डेट फंड: इथे "व्याज" नावाची गोष्टच नाही

डेट फंड आतून बाँडच घेतो आणि त्याला व्याजही मिळतं. पण ते फंडाला मिळतं, तुम्हाला नाही. तुमच्याकडे फक्त युनिट असतात आणि त्यांची एनएव्ही वाढत जाते. ग्रोथ पर्याय घेतला असेल तर युनिट विकेपर्यंत तुमच्या हातात उत्पन्न काहीच नाही. दोन वर्षं ठेवा, चार वर्षं ठेवा, टॅक्स विकल्यावरच. एफडीचं व्याज मात्र दरवर्षी उत्पन्नात धरावं लागतं, मुदत संपलेली नसली तरी. हा पहिला मोठा फरक.

आयडीसीडब्ल्यू पर्याय घेतला असेल, म्हणजे पूर्वी ज्याला डिव्हिडंड पर्याय म्हणायचे तो, तर मधूनमधून पैसे येतात आणि युनिट तेवढेच राहतात. म्हणजे वस्तू तुमच्याकडेच आहे. मग तो डिव्हिडंड, इतर उत्पन्नात, स्लॅबप्रमाणे. एका फंड कंपनीकडून वर्षाला १०,००० पेक्षा जास्त डिव्हिडंड असेल तर १०% टीडीएस कापून येतो. ग्रोथमधून रिडेम्प्शन केलं तर भारतात राहणाऱ्या माणसाचा टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे "टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही" असं समजू नका. तो तुम्हालाच भरायचा असतो.

आता नफ्यावर दर कुठला? इथे एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ एप्रिल २०२३.

या तारखेला किंवा नंतर घेतलेले युनिट: कलम ५०एए प्रमाणे नफा कायम अल्पमुदतीचाच धरला जातो. सहा महिने ठेवा की सहा वर्षं. त्यावर तुमच्या स्लॅबचा दर. ज्या फंडाचा ६५% पेक्षा जास्त पैसा डेट आणि मनी मार्केटमध्ये असतो, त्याला हा नियम लागतो. लिक्विड, शॉर्ट ड्युरेशन, कॉर्पोरेट बाँड, गिल्ट हे आपले नेहमीचे फंड सगळे यात आले.

या तारखेच्या आधी घेतलेले युनिट: आज विकले आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असतील, तर नफा दीर्घमुदतीचा. दर सरळ १२.५%. महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून घ्यायची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला मिळत नाही.

एकाच फोलिओत जुने आणि नवे दोन्ही युनिट असतील तर कुठले विकले ते तुम्ही ठरवायचं नाही. आधी घेतलेले आधी गेले असंच धरतात. एसआयपी २०२१ पासून चालू असेल तर पहिल्या रिडेम्प्शनमध्ये २०२१ चे युनिट जातील. हा हिशोब हाताने करत बसू नका. कॅम्स आणि केफिनटेक यांच्याकडून कॅपिटल गेन स्टेटमेंट मिळतं, त्यात प्रत्येक युनिटची खरेदी-विक्री तारखेसकट असते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एका स्कीममधून दुसरीत स्विच केलं तर पैसा तुमच्या बँकेत येत नाही, पण पहिल्या स्कीमचे युनिट गेले. म्हणजे ती विक्रीच झाली. दर महिन्याला ठरावीक रक्कम काढणारा एसडब्ल्यूपी सुद्धा दर महिन्याची छोटी विक्रीच असते.

## लिस्टेड बाँड: इथे दोन्ही येतात

बाँडमध्ये कंपनी तुम्हाला थेट व्याज देते. त्याला कूपन म्हणतात. दर्शनी किंमत १,००० आणि कूपन ९% असेल तर वर्षाला ९० रुपये. तुम्ही तो बाँड बाजारात ९७० ला घेतला असो की १,०३० ला, कूपन ९० च. ते पूर्ण ९० स्लॅबप्रमाणे करपात्र.

या व्याजावर कलम १९३ प्रमाणे १०% टीडीएस कापतात. डिमॅटमधल्या लिस्टेड बाँडना पूर्वी यातून सूट होती, ती १ एप्रिल २०२३ पासून गेली. २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षाचं व्याज १०,००० पर्यंत असेल तर टीडीएस नाही. त्यापुढे गेलं की पूर्ण रकमेवर.

बाँड विकला किंवा मुदत पूर्ण होऊन कंपनीने पैसे परत केले, की भांडवली नफ्याचा हिशोब. एक्स्चेंजवर लिस्टेड असलेला बाँड १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर नफा दीर्घमुदतीचा, दर १२.५%. त्याआधी विकला तर अल्पमुदतीचा, स्लॅबप्रमाणे.

"लिस्टेड" या शब्दाकडे नीट बघा. अनलिस्टेड बाँड किंवा डिबेंचर २३ जुलै २०२४ पासून विकला किंवा परत केला तर त्यालाही ५०एए लागतं. कितीही वर्षं ठेवा, स्लॅबच. व्याजदर जास्त दिसतो म्हणून ऑनलाइन बाँड घेताना तो एक्स्चेंजवर लिस्टेड आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी बघून घ्या.

आपण इथे नियमित कूपन देणाऱ्या बाँडबद्दलच बोलतोय. झिरो कूपन आणि मोठ्या सवलतीत इश्यू होणाऱ्या डीप डिस्काउंट बाँडचे नियम वेगळे आहेत, त्यांना हा हिशोब लावू नका.

आणखी एक सापळा. काही बाँड दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याजासोबत थोडं मुद्दलही परत करतात. खात्यात एकच रक्कम येते, समजा ६,८००. त्यातले १,८०० व्याज आणि ५,००० मुद्दल असू शकतं. इथे तोच प्रश्न विचारा. ५,००० च्या वाट्याचा बाँड तुमच्याकडून गेला, दर्शनी किंमत तेवढी कमी झाली. म्हणून १,८०० व्याजात आणि ५,००० परतफेडीत. इश्यू करणाऱ्या कंपनीच्या वेळापत्रकात ही फोड दिलेली असते, ते बाँड घेतानाच डाउनलोड करून ठेवा.

## खरेदीच्या दिवशी दिलेलं "चढलेलं व्याज"

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा चहा घेऊन निवांत वाचा.

बाँडचं कूपन दरवर्षी १५ मार्चला आहे. तुम्ही तो सप्टेंबरच्या मध्यावर बाजारातून घेतला. मधल्या सहा महिन्यांचं व्याज, म्हणजे ४५ रुपये, खरं तर विकणाऱ्याने कमावलंय. पण १५ मार्चला कंपनी पूर्ण ९० तुम्हालाच देणार. म्हणून विकणारा ते ४५ तुमच्याकडून आजच घेतो. बाँडचा भाव ९७० असला तरी तुमच्या खात्यातून १,०१५ जातात. कॉन्ट्रॅक्ट नोटवर दोन ओळी दिसतात: भाव ९७० आणि अॅक्रूड इंटरेस्ट ४५.

मार्चमध्ये ९० आले. आपलं साधं गणित सांगतं, "४५ मीच दिले होते, म्हणजे माझं व्याज ४५." व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. टॅक्समध्ये तसं चालत नाही. विजया बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गुंतवणूक म्हणून रोखे घेताना दिलेलं हे मधलं व्याज खरेदीच्या किमतीचाच भाग आहे. ते नंतर येणाऱ्या व्याजातून वजा करता येत नाही. (ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात न्यायालयाने बँकेला ही वजावट दिली, पण ती रोखे व्यापारी माल म्हणून ठेवले होते म्हणून. तुमच्या-माझ्यासारखे गुंतवणूकदार त्यात येत नाहीत.)

म्हणजे दोन गोष्टी झाल्या. व्याज पूर्ण ९० दाखवायचं. आणि बाँडची खरेदी किंमत ९७० नाही, १,०१५ धरायची.

पहिली गोष्ट आपोआप होते, कारण कंपनी टीडीएस पूर्ण ९० वर कापते आणि एआयएसमध्ये तेच दिसतं. तुम्ही ४५ दाखवलंत तर तिथला आकडा जुळणार नाही. दुसरी गोष्ट मात्र तुमच्या लक्षात राहायला हवी. काही ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये खरेदी किंमत म्हणून नुसता भाव येतो. तो तसाच उचलला तर तेच ४५ रुपये दोनदा करपात्र होतात: एकदा व्याजात आणि एकदा वाढलेल्या नफ्यात.

मुदतीआधी बाजारात विकलं तर गंमत उलटी होते. तेव्हा चढलेलं व्याज तुम्हाला खरेदीदार देतो. तिथेही तोच नियम ठेवा. खरेदीत ते किमतीत धरलं असेल तर विक्रीतही विक्रीच्या रकमेतच धरा. घेताना एक आणि विकताना दुसरं, असं सोयीप्रमाणे बदलायचं नाही. आणि कूपनच्या जरा आधी विकायचं, कूपन होऊन गेलं की परत घ्यायचं, असा खेळ कोणी सुचवला तर नको म्हणा. कलम ९४ त्याच्यासाठीच आहे. त्यात ते व्याज मूळ मालकाच्याच उत्पन्नात धरलं जातं.

## पूर्ण उदाहरण: नाशिकच्या मसालेवाल्या ताई

आता सगळं एका हिशोबात बसवू. समजा, नाशिकमध्ये एक ताई मसाल्यांचा घरगुती उद्योग चालवतात. मालकी त्यांची एकटीची, प्रोप्रायटरी. कलम ४४एडी खाली त्या अंदाजित नफा दाखवतात आणि २०२५-२६ मध्ये तो ८,००,००० आहे. करप्रणाली नवी. वर्षभरात गुंतवणुकीत तीन गोष्टी घडल्या.

एक, जुना डेट फंड. जानेवारी २०२१ मध्ये २० च्या एनएव्हीने ५,००० युनिट, म्हणजे १,००,००० रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये २६ च्या भावाने सगळे काढले, १,३०,००० आले. नफा ३०,०००. खरेदी १ एप्रिल २०२३ च्या आधीची आणि २४ महिने कधीच उलटून गेलेले, म्हणून दीर्घमुदतीचा.

दोन, नवा डेट फंड. जून २०२४ मध्ये ३० च्या एनएव्हीने १०,००० युनिट, ३,००,००० रुपये. फेब्रुवारी २०२६ मध्ये चटणीच्या मशीनसाठी पैसे लागले म्हणून ४,००० युनिट ३३ ने विकले. खात्यात १,३२,००० आले. विकलेल्या युनिटची खरेदी किंमत ४,००० × ३० = १,२०,०००. नफा १२,०००. बाकीच्या ६,००० युनिटवरचा फायदा अजून कागदावर आहे, त्यावर आज टॅक्स नाही. हा १२,००० अल्पमुदतीचा, स्लॅबप्रमाणे.

तीन, लिस्टेड बाँड. सप्टेंबर २०२४ मध्ये वरच्या उदाहरणातलेच २०० बाँड बाजारातून घेतले. भाव ९७०, चढलेलं व्याज ४५, एकूण १,०१५ प्रमाणे २,०३,००० गेले. १५ मार्च २०२५ ला पहिलं कूपन १८,००० आलं. ते मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये पूर्ण दाखवलं. १५ मार्च २०२६ ला मुदत संपली. त्या दिवशी दुसरं कूपन १८,००० (टीडीएस १,८०० कापून हातात १६,२००) आणि मुद्दल २,००,००० असे पैसे आले.

१८,००० व्याज. हातात १६,२०० आले तरी उत्पन्नात १८,००० च लिहायचे, कापलेला टीडीएस नंतर टॅक्समधून वजा होतो.

मुद्दलाचं काय? २,००,००० आले, खरेदी किंमत २,०३,०००. म्हणजे ३,००० तोटा. अठरा महिने ठेवला होता, म्हणून दीर्घमुदतीचा भांडवली तोटा. ताई म्हणतील, "अहो, ९७० ला घेऊन १,००० मिळाले, मग तोटा कसा?" कारण त्यांनी सप्टेंबरमध्ये दिलेले ४५ किमतीत आहेत, आणि त्याची परतफेड पहिल्या कूपनमध्ये व्याज म्हणून येऊन गेली. एकूण बघा: दोन वर्षांत व्याज ३६,००० करपात्र आणि तोटा ३,०००. फरक ३३,०००. खिशातून गेले २,०३,०००, परत आले टीडीएस धरून २,३६,०००. फरक तोच ३३,०००. हिशोब जुळला.

ब्रोकरच्या रिपोर्टवरून ९७० धरलं असतं तर ३,००० तोट्याच्या जागी ६,००० नफा दिसला असता. म्हणजे ९,००० जास्त उत्पन्न, आणि सेससकट १,१७० रुपयांचा जास्तीचा टॅक्स.

आता तोटा कुठे वळवायचा? तो व्याजातून वजा होत नाही. भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच जातो. त्यातही दीर्घमुदतीचा तोटा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. म्हणून नव्या फंडाच्या १२,००० मधून नाही, जुन्या फंडाच्या ३०,००० मधून ३,००० जातील. उरले २७,०००. असा नफा त्या वर्षी नसता, तर रिटर्न मुदतीत भरून हा तोटा पुढची ८ वर्षं ओढता आला असता.

उलटी बाजूही ध्यानात घ्या. नव्या फंडाचा नफा अल्पमुदतीचा असल्यामुळे शेअर्समधला अल्पमुदतीचा तोटा त्याच्यातून वजा करता येतो. एफडीच्या व्याजाला ही सोय नाही. स्लॅब तोच असला तरी दोघांत हा दुसरा फरक आहे.

ताईंचा टॅक्स असा:

- स्लॅबचं उत्पन्न: धंदा ८,००,००० + व्याज १८,००० + नव्या फंडाचा नफा १२,००० = ८,३०,०००
- त्यावर टॅक्स: पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५% म्हणजे २०,०००, उरलेल्या ३०,००० वर १०% म्हणजे ३,०००. एकूण २३,०००
- कलम ८७ए ची सवलत: एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, म्हणून हे २३,००० पूर्ण माफ
- दीर्घमुदतीचा नफा २७,००० वर १२.५% = ३,३७५, त्यावर ४% सेस १३५. एकूण ३,५१०
- टीडीएस वजा १,८००. भरायचे १,७१०

आता जरा थांबा आणि बघा काय झालं. सगळे म्हणतात "१२.५% वाला जुना फंड चांगला, स्लॅबवाला नवा फंड वाईट." ताईंच्या बाबतीत उलटं झालं. स्लॅबवाल्या व्याजावर आणि नफ्यावर शून्य टॅक्स, कारण ८७ए ची सवलत स्लॅबच्या टॅक्सला मिळते. १२.५% हा विशेष दर आहे, त्याला नव्या प्रणालीत ही सवलत मिळत नाही. म्हणून ३,५१० भरावेच लागले.

## हेच पैसे भागीदारी फर्मच्या नावावर असते तर?

फर्मला आणि एलएलपीला स्लॅब नसतो. सरळ ३०%, सेस धरून ३१.२%. मग व्याज १८,००० आणि नव्या फंडाचा नफा १२,००० मिळून ३०,००० वर ९,३६० टॅक्स. जुन्या फंडाच्या २७,००० वर मात्र तेच ३,५१०. फर्मसाठी "१२.५% चांगला" हे खरं आहे.

म्हणून कुठे गुंतवायचं याच्याआधी कुणाच्या नावावर, आणि त्याचा दर काय, हे ठरवा. वर्षाला ७-८ लाख कमावणारा मालक आणि ३०% भरणारी फर्म, दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही.

## रिटर्न भरताना इथे अडकतात

चुकीचा फॉर्म. ४४एडी वाले दरवर्षी सवयीने आयटीआर-४ भरतात. डेट फंड विकून झालेला अल्पमुदतीचा नफा किंवा ताईंसारखा १२.५% वाला नफा असेल तर आयटीआर-४ चालत नाही. एकट्या मालकाने आयटीआर-३ घ्यायचा. धंद्याचं उत्पन्न त्यातही ४४एडी नेच दाखवता येतं. व्याज शेड्यूल ओएसमध्ये, नफा-तोटा शेड्यूल सीजीमध्ये.

विक्रीची रक्कम उलाढालीत. १,३२,००० चालू खात्यात आले म्हणून ते धंद्याच्या टर्नओव्हरमध्ये मिळवलेले पाहिलेत. ती मसाल्याची विक्री नाही. उलाढालीत घातलं तर टक्केवारीने नफा फुकट वाढतो आणि खरा भांडवली नफा दाखवायचा राहून जातो.

एआयएस न बघणं. रिटर्नआधी पोर्टलवरून एआयएस आणि २६एएस काढा. व्याजाचा आणि टीडीएसचा आकडा तुमच्या वहीशी जुळवा. फंडाच्या विक्रीची रक्कमही तिथे दिसते. ती पूर्ण विक्रीची रक्कम असते, नफा नव्हे. ते बघून घाबरू नका, पण रिटर्नमध्ये ती विक्री दिसलीच पाहिजे.

## या आठवड्याचं काम

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक बाँडसाठी एक ओळ करा: खरेदीची तारीख, भाव, चढलेलं व्याज, दोन्ही मिळून खरी खरेदी किंमत, आणि लिस्टेड की अनलिस्टेड. कॉन्ट्रॅक्ट नोटची पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये. फंडांसाठी फक्त एवढंच बघा की कुठले युनिट १ एप्रिल २०२३ च्या आधीचे आहेत. मग हा कागद सीएकडे न्या आणि स्पष्ट विचारा, "बाँडच्या किमतीत चढलेलं व्याज धरलंय ना?" उत्तर ऐकलं की तुमचे पैसे नीट मोजले जातायत का ते लगेच कळेल.

पुढच्या भागात फर्मचा ॲडव्हान्स टॅक्स: चार हप्ते कधी, आणि मध्येच फंड विकला तर हप्त्यात बदल कसा करायचा. भेटू!